हॉकीचे टर्फ आणि फुटबॉलचे बूट

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या शाळेच्या मैदानावर हॉकी खेळणाऱ्या मुलाचा सराव मुरमावर होतो. स्पर्धा मात्र पुढच्या पातळीवर गेली की टर्फवर खेळावे लागते. मंचर, नारायणगावहून पुणे-नाशिक महामार्गाने खाली उतरले की जवळ पडते ते पिंपरीतल्या नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम. दुसरे बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलातले. पहिल्यांदा टर्फवर जायचे ठरले की घरात बुटांचा विषय निघतो. हॉकीचे बूट तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाहीत, फुटबॉलचे मिळतात. दुकानदार म्हणतो, ‘टर्फवर चालतात की हे, सगळी पोरं हेच नेतात.’ आणि खाली दहा-बारा टणक स्टड असलेला बूट पिशवीत पडतो.

दुकानदार खोटे बोलत नाही. घोळ ‘टर्फ’ या शब्दात आहे. बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलची जी भाड्याने मिळणारी टर्फ आता गावोगाव दिसतात, ती आणि हॉकीचे टर्फ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही हिरवी असतात (हॉकीचे बहुतेकदा निळेही असते), दोन्ही प्लास्टिकच्या धाग्यांची असतात. साम्य तेवढ्यावरच संपते. पायाखाली काय आहे हे कळले की त्यावर कोणता तळ चालेल आणि कोणता नाही, हे आपोआप उलगडते.

पायाखाली नेमके काय असते?

फुटबॉलच्या कृत्रिम मैदानाचे धागे लांब असतात, साधारण ४० ते ६० मिलिमीटर. त्यांच्या मुळाशी वाळू आणि वर रबराचा बारीक चुरा भरलेला असतो. हा चुरा मातीचे काम करतो. स्टड त्यात रुततो, पाय फिरला की चुरा बाजूला सरकतो आणि स्टड सुटतो. म्हणजे खऱ्या गवताच्या मैदानाची ही बऱ्यापैकी नक्कल आहे.

हॉकीला असे मैदान चालत नाही. हॉकीचा चेंडू जेमतेम १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि टणक. तो जमिनीलगत, न उसळता, सरळ रेषेत वेगाने जायला हवा. म्हणून हॉकीच्या टर्फचे धागे आखूड आणि अतिशय दाट असतात. मोठ्या स्पर्धांचे पाण्यावर चालणारे टर्फ घेतले, तर धाग्याची उंची १२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. त्यात वाळू नाही, चुरा नाही. धाग्यांच्या खाली रबराची पातळ गादी आणि तिच्याखाली डांबराचा किंवा तसाच पक्का थर. सामन्यापूर्वी त्यावर फवारे मारून पाणी शिंपडतात, म्हणजे चेंडू सुळसुळीत जातो आणि पडल्यावर कातडी कमी सोलवटते. दुसऱ्या प्रकारात धागे थोडे लांब असतात आणि त्यांच्यात काही अंशी किंवा जवळजवळ टोकापर्यंत वाळू भरलेली असते. शाळा-महाविद्यालयांत आणि अनेक खेळांसाठी मिळून केलेल्या मैदानांवर असे टर्फ आढळते.

आता फुटबॉलच्या बुटाचा १० ते १३ मिलिमीटरचा स्टड १२ मिलिमीटरच्या दाट धाग्यांवर ठेवून पाहा. रुतायला जागाच नाही. धागे इतके गच्च असतात की स्टड त्यांच्या मधे शिरण्याऐवजी त्यांच्या डोक्यावर उभा राहतो, आणि जोर दिला तर खालच्या पक्क्या थराला जाऊन टेकतो. खेळाडू मग मैदानावर उभा नसतो, आठ-दहा खुंट्यांवर उभा असतो.

खुंट्यांवरचे गणित

हे थोडे आकड्यांत पाहू. समजा, आठवीतला ४५ किलो वजनाचा मुलगा धावता धावता एका पायावर थांबून दिशा बदलतो. अशा वेळी पायावर वजनाच्या दुप्पट तरी भार सहज येतो. तो आपण ९० किलो धरू. दिशा बदलताना टाच उचललेली असते, सगळा भार चवड्यावर असतो. फुटबॉलच्या बुटाच्या चवड्याखाली आठ स्टड आहेत आणि प्रत्येकाचे टोक एक सेंटिमीटर रुंद आहे असे मानले, तर जमिनीला टेकणारे एकूण क्षेत्रफळ सव्वासहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलोचा दाब.

हॉकीच्या बुटाच्या चवड्याखाली सात मिलिमीटर रुंदीचे ४० रबरी दाणे असले, तर क्षेत्रफळ पंधरा चौरस सेंटिमीटरच्या वर जाते आणि तोच दाब सहा किलोवर येतो. प्रत्येक कंपनीच्या बुटाचे आकडे थोडे वेगळे निघतील, पण फरक साधारण याच पटीत राहतो.

या दाबाचे तीन परिणाम होतात. पहिला, टणक प्लास्टिकचे टोक ओल्या प्लास्टिकच्या धाग्यांवर टेकते तेव्हा धरायला रबर नसते, जागाही थोडी असते. स्टड सर्रकन घसरतो. दुसरा, पाऊल जमिनीपासून सेंटिमीटरभर वर उचलले गेल्यामुळे घोटा बाहेरच्या बाजूला कलंडायला सोपा होतो. उंच टाचेच्या चपलेवर पाय मुरगळतो त्यातलाच हा प्रकार. हॉकीत तर खेळाडू गुडघ्यात आणि कमरेत वाकून, सतत आडवा सरकत खेळतो. त्यामुळे घोट्यावर आडवा ताण फुटबॉलपेक्षा कमी नसतो.

तिसरा परिणाम वाढत्या वयाच्या मुलांत दिसतो. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांत टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती अजून पक्की झालेली नसते. पोटरीचा स्नायू तिला वर ओढतो आणि खालून स्टडचा दाब बसतो. टणक जमिनीवर स्टडचे बूट घालून रोज पळणाऱ्या मुलाची टाच मग दुखू लागते. खेळ संपल्यावर तो चवड्यावर लंगडत चालतो आणि टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की कळवळतो. डॉक्टर याला सेव्हर्स डिसीज म्हणतात. नाव भीतीदायक असले तरी दुखणे विश्रांतीने आणि पोटरी ताणण्याच्या व्यायामाने बरे होते. पण बूट तोच राहिला तर ते परत परत उलटते. मुरमाच्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलांच्या पालकांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण उन्हाळ्यातला मुरूम स्टडच्या दृष्टीने काँक्रीटहून फार वेगळा नसतो.

धरणे आणि सोडणे

पकड जितकी जास्त तितका बूट चांगला, असे आपल्याला वाटते. खेळाच्या बुटाच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. पायाला दोन वेगळ्या पकडी लागतात. पळताना, थांबताना, आडवे सरकताना पाऊल पुढे-मागे किंवा बाजूला घसरू नये, ही पहिली. शरीर गर्रकन वळते तेव्हा पाऊल त्याच जागी फिरायला अडवते ती दुसरी. पहिली भरपूर हवी, दुसरी बेताची हवी.

दुसरी बेताची का, ते गुडघ्यात कळते. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारे काही बंध असतात. त्यांतला एक, एसीएल नावाचा लिगामेंट, नडगीला पुढे सरकण्यापासून आणि वाजवीपेक्षा जास्त पिळण्यापासून रोखतो. खेळाडूने बचावपटूला चकवायला अंग डावीकडे टाकले आणि पाऊल जमिनीत अडकून उजवीकडेच राहिले, तर वरच्या हाडाची आणि खालच्या हाडाची दिशा बदलते. तो पीळ कुठेतरी सुटायला हवा. बूट फिरला तर तळाशी सुटतो. बूट फिरला नाही तर गुडघ्यात सुटतो. एसीएल तुटण्याच्या कित्येक घटनांत दुसऱ्या खेळाडूचा धक्काही लागलेला नसतो, याचे एक कारण हे आहे.

तळावरचे स्टड कुठे आहेत, यालाही महत्त्व आहे. दार उघडताना बिजागरीजवळ ढकलले तर जोर लागतो, कडीजवळ ढकलले तर सहज उघडते. पाऊल फिरते ते चवड्याच्या मध्याभोवती. त्या मध्यापासून जितक्या दूर स्टड अडकेल, तितका तो फिरण्याला जास्त विरोध करेल; अंतर दुप्पट तर विरोधही दुप्पट. फुटबॉलच्या बुटाचे मोठे स्टड बहुधा कडेलाच असतात.

हे नुसते तर्काचे नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या शाळकरी खेळाडूंवर टॉर्ग आणि क्वेडेनफेल्ड यांनी १९७१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुले अमेरिकन फुटबॉल खेळत. त्यांचे नेहमीचे बूट पाऊण इंच लांबीच्या सात स्टडचे होते. त्याऐवजी पाऊण इंचाच्या निम्म्या लांबीचे, रुंद टोकांचे चौदा स्टड असलेले बूट दिले, तेव्हा गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या आणि झालेल्यांची तीव्रताही उतरली. पुढे १९९६ साली लॅम्बसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच ३,११९ शाळकरी खेळाडूंची तीन हंगामांची माहिती मांडली. कडेला लांब आणि मधे लहान स्टड असलेले बूट घालणारे २,२३१ जण होते, त्यांतल्या ३८ जणांचा एसीएल फाटला. इतर प्रकारचे बूट घालणाऱ्या ८८८ जणांत ही संख्या चार होती. म्हणजे शंभरी १.७ विरुद्ध ०.५.

हे अभ्यास अमेरिकन फुटबॉलचे आहेत, हॉकीचे नाहीत, आणि आखूड धाग्यांच्या ओल्या टर्फवरचेही नाहीत. तेव्हा ते आकडे जसेच्या तसे नेहरूनगरला लावता येणार नाहीत. पण त्यांतून निघणारे तत्त्व बुटाच्या तळाचे आहे आणि ते सगळीकडे लागू पडते: थोडे, लांब आणि कडेचे स्टड पाऊल जखडतात, पुष्कळ, आखूड आणि सगळीकडे पसरलेले दाणे पाऊल धरतात पण फिरूही देतात.

हॉकीच्या टर्फवर फुटबॉलच्या बुटाची गंमत अशी, की तो दोन्हीकडून चुकतो. टर्फ ओले आणि नवे असले की तो धरायला हवा तेव्हा घसरतो. टर्फ वाळले, धागे झिजून विस्कटले, दोन पट्ट्यांच्या जोडाशी किंवा गोलजवळच्या वापरून खडबडीत झालेल्या भागात स्टडची कड अडकली, की तो सोडायला हवे तेव्हा सोडत नाही. एकाच सामन्यात, एकाच मैदानावर दोन्ही घडू शकते, आणि पुढच्या पावलाला काय होईल याचा खेळाडूला अंदाज येत नाही. दुखापतीला याहून सोयीची परिस्थिती नसते.

मैदानाची चाचणी घेणारे तंत्रज्ञही हा भेद पाळतात. युरोपात ठरलेल्या पद्धतीत सुमारे ४६ किलो वजन लादलेली एक गोल तबकडी मैदानावर टेकवतात आणि ती फिरवायला किती पीळ द्यावा लागतो ते मोजतात. फुटबॉलच्या मैदानासाठी तबकडीच्या खाली स्टड बसवतात. हॉकीच्या मैदानासाठी त्याच तबकडीला खडबडीत रबराचा तळ लावतात. मैदान कोणत्या तळासाठी बनले आहे, हे मोजणाऱ्या यंत्रावरूनच कळते.

हॉकीच्या बुटाचा तळ वाचायचा कसा?

बूट उलटा करून पाहिला की तो कोणत्या टर्फसाठी आहे हे बरेचसे ओळखता येते. मुख्य नमुने तीन.

पहिला नमुना दाण्यांचा. साठ-सत्तरपासून पुढे कितीही रबरी दाणे, चार ते सहा मिलिमीटर उंचीचे, संपूर्ण तळभर पसरलेले. दाणे गोल असतील, षटकोनी असतील किंवा त्रिकोणी. महत्त्व त्यांच्या मधल्या मोकळ्या वाटांना आहे. ओल्या टर्फवर धाग्यांवर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. सपाट तळ त्या पापुद्र्यावर तरंगतो, जसा पावसात गुळगुळीत झालेला टायर तरंगतो. दाणे तो पापुद्रा फोडून धाग्यांपर्यंत पोचतात आणि पाणी वाटांमधून बाहेर पडते. पाणी मारलेल्या टर्फसाठी हाच तळ.

दुसरा नमुना नागमोडी किंवा माशाच्या काट्यासारख्या रेघांचा, टेनिसच्या बुटाला असतो तसा. वाळू भरलेल्या किंवा कोरड्या टर्फवर तो चांगला चालतो. तिथे पाण्याचा नव्हे, वाळूच्या कणांचा प्रश्न असतो. खोल दाण्यांमध्ये वाळू गच्च बसते आणि तळ सपाट होतो. सलग रेघांतून वाळू सहज निसटते.

तिसरा नमुना दोन्हींचा मेळ. कडेला जरा मोठे तिरपे दाणे, आडवे ढकलण्यासाठी. आणि चवड्याच्या मध्यावर, बरोबर जिथे पाऊल फिरते तिथे, बारीक दाण्यांचे किंवा गोलाकार रेघांचे एक वर्तुळ. हे वर्तुळ शोभेचे नाही. फिरताना पाऊल सुटावे म्हणून ते मुद्दाम केलेले असते. वेगवेगळ्या मैदानांवर खेळावे लागणाऱ्या मुलाला हा तळ सगळ्यात सोयीचा.

तळाखेरीज दोन गोष्टी पाहाव्यात. हॉकीत फटका मारताना, ड्रॅग फ्लिक घेताना किंवा वाकून चेंडू अडवताना मागच्या पायाचा अंगठा टर्फवर घासत जातो. म्हणून चांगल्या बुटाच्या टोकावर रबर वर चढवलेले असते. तेच रबर बोटांवर चेंडू आदळला तर थोडा मारही झेलते. फुटबॉलच्या बुटाचे टोक चेंडूचा स्पर्श कळावा म्हणून मुद्दाम मऊ आणि पातळ ठेवतात. ते टर्फवर काही आठवड्यांत उसवते आणि हॉकीच्या टणक चेंडूपासून बोटांना वाचवतही नाही. दुसरी गोष्ट, बूट दोन्ही हातांत धरून वाकवावा. तो चवड्याशी, म्हणजे बोटे जिथून वाकतात तिथे, वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर तो आडव्या हालचालीत पायाला आधार देणार नाही.

ज्यांच्या नावाचे मैदान

मैदान बघून बूट निवडण्याची ही गोष्ट टर्फच्या आधीची आहे. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिन ऑलिम्पिकचा अंतिम सामना भारत आणि जर्मनी यांच्यात झाला. आधी झालेल्या पावसाने मैदान ओले होते. मध्यंतराला भारत फक्त एका गोलने पुढे होता. त्या वेळच्या वृत्तांतांत नोंद आहे, की मध्यंतरानंतर ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट आणि मोजे काढले आणि रबरी तळाने खेळायला सुरुवात केली, आणि त्यांचा वेग वाढला. भारताने तो सामना ८-१ असा जिंकला. जिंकण्याचे श्रेय रबरी तळाला देण्याचे कारण नाही. पण जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला सामन्याच्या मध्यावर बूट बदलावासा वाटला, एवढे त्यातून घ्यावे.

पुढे १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली. आदल्याच वर्षी गवतावर विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातव्या क्रमांकावर घसरला. त्या घसरणीची कारणे अनेक आहेत. गवतावर वाढलेल्या खेळाडूला अचानक वेगळ्या पृष्ठभागावर उभे करणे हे त्यांतले एक. मुरमावर सराव करून थेट टर्फवर उतरणाऱ्या आपल्या तालुक्यांतल्या मुलांची अडचण त्याच जातीची आहे.

हॉकीचा बूट नसेल तर?

सगळ्यांना दोन-दोन बूट परवडणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा पर्यायांचा क्रम माहीत असलेला बरा.

हॉकीच्या बुटानंतर सगळ्यात जवळचा पर्याय फुटबॉलच्याच दुकानात मिळतो. फुटबॉलच्या बुटांच्या खोक्यावर बहुधा दोन अक्षरे छापलेली असतात. ‘एफजी’ म्हणजे टणक मैदानाचा, मोठ्या साच्यातल्या स्टडचा बूट. दुकानदार सहसा हाच देतो. ‘एसजी’ म्हणजे मऊ, चिखलाच्या मैदानाचा, बहुधा धातूच्या टोकांचा. तो टर्फवर कधीच नेऊ नये. ‘एजी’ म्हणजे कृत्रिम गवताचा. नाव फसवे आहे, कारण हे कृत्रिम गवत म्हणजे फुटबॉलचे, लांब धाग्यांचे. आणि ‘टीएफ’ म्हणजे आखूड धाग्यांच्या टर्फचा, तळभर बारीक रबरी दाणे असलेला. हा शेवटचा हॉकीच्या बुटाचा चुलतभाऊच आहे. टोकाचे रबर आणि कडेचा आधार कमी असतो, पण तळ योग्य असतो. तो मुरमावरही वापरता येतो.

त्यानंतर टेनिसचा, नागमोडी रेघांचा बूट. वाळूच्या किंवा कोरड्या टर्फवर ठीक, पाणी मारलेल्यावर सावधपणे. धावण्याचे बूट त्याच्या खाली. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, सरळ पळताना ती सुखाची, आडवे सरकताना पाय तिच्यावरून कलंडतो. हॉलमध्ये खेळायचे गुळगुळीत तळाचे बूट ओल्या टर्फवर बर्फासारखे घसरतात. ‘एफजी’ सगळ्यात शेवटी. कित्येक टर्फवर तो घालून आत सोडतही नाहीत, कारण स्टडने धागे उपटले जातात, पट्ट्यांचे जोड उसवतात आणि ते दुरुस्त करणे महाग असते. सकाळी लवकर निघून मैदानाच्या फाटकापाशी हे कळण्यापेक्षा आदल्या आठवड्यात आयोजकांना फोन करून टर्फ पाण्याचे की वाळूचे आणि कोणते बूट चालतात, एवढे विचारून घ्यावे.

शाळेला एक मार्ग असा, की दोन-तीन मापांचे जोड संघासाठी म्हणून घेऊन ते फक्त टर्फच्या सामन्यांना काढायचे. मुरमावर ते वापरू नयेत. खडीने रबरी दाणे एका हंगामात घासले जातात, आणि दाण्यांच्या वाटांत बसलेली माती टर्फवर गेली की तळ सपाट होतो. सामन्यानंतर जुन्या दात घासायच्या ब्रशने तळ धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. उन्हात ठेवले की चिकटवलेला तळ सुटतो. दाणे झिजले का, हे पाहायला अंगठ्याच्या मुळाखालची जागा बघावी. सगळ्यात आधी तीच गुळगुळीत होते. तिथले दाणे टाचेखालच्या दाण्यांच्या निम्मे उरले, की बूट टर्फसाठी संपला, सरावाला चालेल.

मैदानावर उतरल्यावर

टर्फवर पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाने सामन्याआधीची पंधरा मिनिटे बुटाच्या चाचणीला द्यावीत. आधी सरळ चार-पाच पावलांची धाव घेऊन थांबावे. मग गुडघ्यात वाकून दोन्ही बाजूंना आडवे सरकावे. शेवटी एका पायाच्या चवड्यावर, सावकाश, पाव वर्तुळ फिरावे. सुरुवातीच्या दोन हालचालींत पाऊल घसरू नये. तिसऱ्या हालचालीत बूट थोडा जोर लावल्यावर फिरावा. गुडघ्याला पीळ जाणवतो आणि बूट जागचा हलत नाही, असे झाले तर तो बूट घालून उतरू नये. हीच चाचणी मध्यंतरानंतर पुन्हा करावी, कारण एप्रिल-मेच्या दुपारी मारलेले पाणी लवकर उडून जाते आणि वाळलेले टर्फ ओल्यापेक्षा पाय जास्त धरते. सकाळी सुळसुळीत वाटलेले मैदान दुपारी चिकट झालेले असते.

आणि एवढे करूनही गुडघा पिळलाच, तर काय पाहायचे? त्या क्षणी आतून ‘टक्’ असा आवाज आल्याचे किंवा काहीतरी सटकल्याचे मुलाने सांगितले, गुडघा दोन-तीन तासांत सुजून टम्म झाला, किंवा उभे राहताना पाय दगा देतो असे वाटले, तर लिगामेंट फाटल्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी खेळ तिथेच थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ वीस मिनिटे लावावा, पाय उंचावर ठेवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. साध्या एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे ‘हाड ठीक आहे’ एवढ्यावर विषय सोडू नये. गावात मुरगळलेला पाय चोळून बसवून देणारे असतात, पण सुजलेला गुडघा चोळून घेऊ नये. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, मुलगा चालू लागतो आणि घरच्यांना तो बरा झालासा वाटतो. एसीएल तुटलेला गुडघा सरळ चालताना तक्रार करत नाही. तो दगा देतो ते पुढच्या वेळी मैदानावर वळताना, आणि तेव्हा बंधाबरोबर आतली गादीही फाटून घेतो.